हातात ऑफर आहे, पण नोकरी सोडायची नाही: पगारवाढीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऐरोली-महापे पट्ट्यात मी बरीच वर्षं टीम सांभाळली. बाहेरची ऑफर घेऊन माझ्यासमोर येऊन बसलेली माणसं पाहिली आणि एकदा मी स्वतःही तशीच माझ्या साहेबांसमोर बसले होते. इथे मी एकाच परिस्थितीबद्दल लिहितेय. दुसरीकडची लेखी ऑफर हातात आहे, सध्याची जागा आणि माणसं आवडतात, पण पगार मागे पडलाय. सोबत उदाहरण आहे माझ्या मावसबहिणीचं. ती कळव्याला राहते आणि महापेतल्या एका कंपनीत अकाउंट्समध्ये आहे. तिला विचारूनच लिहितेय, आकडे तेवढे थोडे बदललेत.

ऑफर दाखवून पगार मागणं म्हणजे धमकीच झाली ना?

ऑफर ही माहिती आहे. तुमच्या कामाला आज बाजारात कुणीतरी अमुक इतके पैसे द्यायला तयार आहे, एवढंच ती सांगते. तिची धमकी होते ती पुढच्या वाक्यात. "मला तिकडे इतके मिळतायत, इथे किती जमेल?" हा प्रश्न आहे. "इतके दिले नाहीत तर सोमवारी पेपर टाकतो" ही धमकी आहे. पहिल्या वाक्यावर समोरचा माणूस तुमच्या बाजूने विचार करू शकतो. दुसऱ्यावर त्याला फक्त हो किंवा नाही म्हणता येतं.

माझ्या टीममधल्या एका मुलाने शुक्रवारी संध्याकाळी मला अगदी असंच सांगितलं होतं. मुलगा कामाचा होता आणि मला तो हवा होता. पण त्याला लगेच उत्तर देण्याइतका अधिकारच माझ्या हातात नव्हता. सोमवारी त्याने पेपर टाकले, कारण बोलून बसल्यावर त्याला मागे फिरता येईना. तीन महिन्यांचा नोटीस पिरियड आम्हा दोघांनाही जड गेला.

पण मॅनेजरने मनावर घेतलं तर पगार वाढवता येतोच ना?

सगळा घोळ इथे होतो. एप्रिलच्या अप्रेझलबाहेर पगार वाढवायचा तर बहुतेक कंपन्यांत त्याला 'करेक्शन' म्हणतात आणि ते मॅनेजरच्या एकट्याच्या सहीवर होत नाही. मॅनेजर वर लिहितो, त्याचे वरिष्ठ होकार देतात, एचआर तुमच्या ग्रेडच्या बँडमध्ये आकडा बसतो का ते बघतं आणि शेवटी फायनान्स बजेट तपासतं. म्हणजे तुम्ही ज्यांच्यापुढे बोलताय ते मॅनेजर निर्णय घेणारे नसतात. ते तुमचे वकील असतात, आणि वकिलाच्या हातात कागद द्यावे लागतात.

आता ते मॅनेजर वर काय लिहिणार, याचा विचार करा. तुम्ही धमकी दिली असेल तर त्यांना लिहिता येतं फक्त "दिलं नाही तर जाईल". यावर वरून पहिला प्रश्न येतो, "जागा भरायला किती दिवस लागतील?" चर्चा तुमच्या जागी दुसरं माणूस आणण्याकडे वळते. याउलट "बाजारभाव इतका आहे, ही व्यक्ती अमुक काम एकटी सांभाळते, तिला इथेच राहायचंय आणि इतक्या पगारात ती राहील" असं लिहिता आलं तर वरून प्रश्न येतो, "किती कमीत जमेल?" या दुसऱ्या प्रश्नापर्यंत गाडी आणली की अर्धं काम झालं.

दुसऱ्या कंपनीच्या एचआरने फोनवर आकडा सांगितलाय, लेटर यायचंय. बोलून ठेवू का?

नको. फोनवरचे आकडे लेटरमध्ये बदलतात आणि कधी लेटर येतच नाही. तोवर तुम्ही इथे 'जाणारा माणूस' ठरलेले असता. कंपनीच्या मेलवरून लेटर आल्यावरच विषय काढा.

ऑफर १३ लाखांची आहे, मला ९.६० मिळतात. म्हणजे ३५ टक्के वाढ मागू शकतो?

माझ्या बहिणीचे आकडे नेमके हेच होते, आणि तीही आधी हेच म्हणत होती. रविवारी आम्ही दोघी कागद घेऊन बसलो.

तिच्या सध्याच्या ९.६० लाख सीटीसीमध्ये फिक्स होता ८.८० लाख आणि व्हेरिएबल ८० हजार. नव्या ऑफरच्या १३ लाखांत फिक्स होता १०.८०, व्हेरिएबल १.२० आणि उरलेला १ लाख जॉइनिंग बोनस. तो बोनस एकदाच मिळणार होता आणि वर्षाच्या आत सोडलं तर परत करायचा होता. म्हणून आधी तो बाजूला काढला. व्हेरिएबल कंपनीच्या नफ्यावर अवलंबून होतं, तेही बाजूला ठेवलं. उरला फिक्सला फिक्स असा हिशेब: ८.८० आणि १०.८०. फरक २ लाखांचा, म्हणजे साधारण २३ टक्के. पस्तीस टक्क्यांचे तेवीस झाले ते इथेच.

मग प्रवास. आत्ता ती ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने घणसोलीला उतरते आणि शेअर रिक्षाने महापे गाठते. नवी जागा लोअर परळला होती. तिने एक दिवस सुट्टी टाकून सकाळच्या वेळी तो प्रवास करून बघितला. एका फेरीला ४५ मिनिटं जास्त लागली. म्हणजे रोज दीड तास आणि महिन्याच्या २२ दिवसांचे ३३ तास. लेकरू पाळणाघरात असलेल्या बाईसाठी हे तास फार मोठे आहेत.

आणखी एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. तिला या कंपनीत सव्वाचार वर्षं झाली होती. पाच वर्षं पूर्ण झाली की ग्रॅच्युइटी लागू होते. तिचा हिशेब असा: शेवटचा महिन्याचा बेसिक गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. तिचा बेसिक ३७ हजार धरला तर पाच वर्षांचे लाखाच्या थोडे वर होतात. नऊ महिने थांबलं तर ते पैसे तिचे होते.

सीटीसी तपासताना हेही बघा की नव्या कंपनीने ग्रॅच्युइटीची रक्कम आणि विम्याचा हप्ता सीटीसीमध्येच धरलाय का. काही ठिकाणी धरतात, काही ठिकाणी नाही, आणि त्यामुळे दोन आकडे वरवर पाहता सारखे दिसूनही हातात येणारा पैसा वेगळा असतो.

मग नेमका किती आकडा मागायचा?

ज्या आकड्याला तुम्ही खरोखर समोरच्या कंपनीला नकार कळवाल, तो मागा. पूर्ण ऑफरची बरोबरी मागायलाच हवी असं नाही. राहण्यात तुमचाही फायदा असतो आणि तो मॅनेजरलाही दिसत असतो.

बहिणीने फिक्स १०.४० लाख मागायचं ठरवलं. म्हणजे १८ टक्के. त्याच्या खाली ९.८० पर्यंत आलं तरी राहायचं आणि त्याच्याही खाली गेलं तर जायचं, हे तिने आणि तिच्या नवऱ्याने घरी आधीच ठरवलं. हा खालचा आकडा मॅनेजरना सांगायचा नसतो, पण तो मनात पक्का नसेल तर बोलताना माणूस डगमगतो.

नक्की काय बोलायचं? शब्द सुचत नाहीत.

बहिणीने जे सांगितलं ते जवळपास जसंच्या तसं देते. तिच्या मॅनेजर बाई आहेत.

"मॅडम, ही गोष्ट तुम्हाला माझ्याकडूनच कळावी म्हणून वेळ मागितला. मला बाहेरून एक ऑफर आलीय, लेखी आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही. मला इथलं काम आवडतं आणि मला इथेच राहायचंय. पण तिथल्या आणि माझ्या फिक्समध्ये दोन लाखांचा फरक आहे, आणि घरचं बघता तो मला सोडून देता येत नाही. माझा फिक्स १० लाख ४० हजारांपर्यंत आला तर मी त्यांना त्याच दिवशी नकार कळवेन. यासाठी काय करता येईल?"

यातली दोन वाक्यं मोलाची आहेत. "त्याच दिवशी नकार कळवेन" हे पहिलं. वर सही करणाऱ्यांना भीती असते की वाढ दिली तरी ही बाई तोच आकडा घेऊन तिकडे आणखी मागेल. ते वाक्य ती भीती काढून टाकतं. दुसरं म्हणजे शेवटचा प्रश्न. "काय करता येईल?" विचारून ती गप्प बसली. ही शांतता फार अवघड जाते. आपण घाईने बोलायला लागतो आणि "नाही जमलं तरी चालेल" किंवा "नाहीतर मग मला विचार करावा लागेल" असं काहीतरी बोलून बसतो. पहिल्या वाक्याने मागणी संपते आणि दुसऱ्याने तिची धमकी होते.

मॅडम थोड्या दुखावल्या. म्हणाल्या, "इतके दिवस बोलली का नाहीस?" हा प्रश्न येणार हे आम्ही धरूनच चाललो होतो. तिने सांगितलं, "एप्रिलमध्ये विषय काढला होता मॅडम, पण तेव्हा माझ्याकडे आकडा नव्हता." भांडण नाही, तक्रार नाही. मॅडमनी वही उघडली आणि आकडा लिहून घेतला.

माझ्या कामाबद्दल काही सांगायचं की फक्त ऑफरबद्दल?

सांगायचं, पण मॅनेजरला वर पाठवता येईल अशा स्वरूपात. "मी खूप मेहनत करते" हे कुणालाही पुढे पाठवता येत नाही. बहिणीने त्याच संध्याकाळी मॅडमना पाच ओळींची मेल केली. महिनाअखेरचं क्लोजिंग आधी ७ कामाचे दिवस घ्यायचं, ते गेल्या वर्षापासून ४ दिवसांत होतं. खरेदीची बिलं जीएसटीआर-२बीशी जुळवण्याचं काम ती एकटी करते आणि व्हेंडरांकडे अडकलेलं क्रेडिट तिच्याच पाठपुराव्याने सुटतं. दोन नव्या मुलांना तिने शिकवलं. ऑफरचा उल्लेख मेलमध्ये एका ओळीत, कंपनीचं नाव नाही, तारखेचा दबाव नाही. मॅडमनी ती मेल जवळपास तशीच वर पाठवली. आधी म्हटलेला वकिलाच्या हातातला कागद तो हाच.

कधी आणि कुठे बोलावं?

बहीण आणि मॅडम संध्याकाळी एकाच लोकलने ठाण्याला येतात, लेडीज डब्यात. गाडीत विषय काढायचा मोह तिला झाला होता. मी तिला थांबवलं. घणसोली ते ठाणे या प्रवासात ऑफिसातल्या चार बायका आजूबाजूला असतात आणि ठाणे आलं की बोलणं अर्धवट तुटतं. दार बंद होणारी खोली आणि अर्धा तास, एवढं हवंच. "थोडं पर्सनल बोलायचंय" एवढं सांगून वेळ मागा.

वेळ निवडताना मॅनेजरचा ताण बघा. अकाउंट्समध्ये महिन्याचा पहिला आठवडा टाळा. शुक्रवारी संध्याकाळीही नको, कारण वर विचारायला कुणी नसतं आणि दोन दिवस दोघांच्याही डोक्यात विषय नुसता घोळत राहतो. सोमवार-मंगळवार दुपार बरी.

कंपनीचं नाव सांगू का? लेटर दाखवायला सांगितलं तर?

नाव सांगणं बंधनकारक नाही. "त्यांच्याशी बोलणं अजून चालू आहे, म्हणून नाव नको" म्हटलं की लोक समजून घेतात. एचआरने पुरावा मागितलाच तर कंपनीचं नाव झाकून पगाराच्या तक्त्याचं पान दाखवता येतं. ऑफर लेटरमध्ये गोपनीयतेची अट आहे का ते आधी वाचा, असेल तर पान देऊ नका. आकडा तोंडी सांगा.

खोटी किंवा फुगवलेली ऑफर सांगितली तर?

पान मागितलं की तुम्ही संपलात. कुणी मागितलं नाही तरी "शुभेच्छा, जा" म्हणाले तर जायला जागा नाही. करू नका.

मॅनेजर म्हणाले, "बघतो". किती दिवस थांबायचं?

तारीख सांगायला हवी, पण ती समोरच्या कंपनीची तारीख म्हणून. "मला त्यांना पुढच्या बुधवारी उत्तर द्यायचंय" या वाक्यात तुम्ही स्वतःची अडचण सांगता. "बुधवारपर्यंत सांगा" मध्ये तुम्ही हुकूम सोडता. तारीख तीच, पण ऐकणाऱ्याला ती वेगळी लागते.

बहिणीला शुक्रवारपर्यंतची मुदत होती. तिने नव्या कंपनीच्या एचआरला सरळ फोन करून पुढच्या बुधवारपर्यंत वाढवून मागितली, "घरी बोलून पक्कं सांगते" म्हणून. ती मिळाली. साधारण आठवड्याची मुदत मिळते असा माझा अनुभव आहे. त्यापेक्षा जास्त ताणलं तर ते दुसऱ्या उमेदवाराकडे वळतात.

मधल्या दिवसांत रोज विचारू नका. एकदा, मुदतीच्या दोन दिवस आधी: "मॅडम, आपल्या विषयाचं कुठवर आलं? काही माहिती लागली तर सांगा." एवढंच. आणि टीममध्ये कुणाला, अगदी जवळच्या मैत्रिणीलाही, सांगू नका. बातमी फिरली की मॅनेजरला टीमसमोर झुकल्यासारखं वाटतं, आणि मग देता येत असलेलंही ते देत नाहीत.

कमी आकडा आला तर?

बहिणीला सोमवारी सांगितलं गेलं: फिक्स ९.९० लाख. म्हणजे साडेबारा टक्के. मागितलेल्यापेक्षा ५० हजारांनी कमी, पण घरी ठरवलेल्या खालच्या आकड्याच्या वर. तिने लगेच हो म्हटलं नाही. एक गोष्ट मागितली: आठवड्यातून दोन दिवस घरून काम. त्याला बजेट लागत नाही आणि ते मॅडमच्या स्वतःच्या हातात होतं. मिळालं. पैशाची चर्चा अडली की मॅनेजरच्या अधिकारातल्या गोष्टींकडे वळा: घरून काम, शिफ्टची वेळ, कोर्सची फी, पदनाम.

हो म्हणाले. आता काय लिहून घ्यायचं?

इथे माझी स्वतःची चूक सांगते. मी एकदा असंच करेक्शन घेतलं, नोव्हेंबरमध्ये, आणि खुश होऊन समोरच्या कंपनीला नकार कळवला. एप्रिलमध्ये सगळ्यांची वाढ झाली आणि माझी शून्य. एचआरने सांगितलं, गेल्या सहा महिन्यांत करेक्शन झालेल्यांना वार्षिक वाढ लागू नाही. नियम होता, मी विचारलं नव्हतं. वर्षाच्या हिशेबात मला मिळालेली वाढ बरीच छोटी निघाली.

म्हणून बहिणीने समोरच्यांना नकार कळवण्याआधी सुधारित पगाराचं पत्र मागितलं आणि त्यात तीन गोष्टी बघितल्या. कोणत्या महिन्यापासून लागू, फिक्स आणि व्हेरिएबलची फोड कशी, आणि एप्रिलच्या वाढीला ती पात्र आहे का. तिसरी गोष्ट पत्रात नव्हती. तिने एचआरला मेल करून विचारलं, आणि "पात्र आहे, पण पूर्ण वर्षाऐवजी करेक्शननंतरच्या महिन्यांच्या प्रमाणात" असं उत्तर आलं. पूर्ण वाढ नाही मिळाली, पण काय मिळणार ते आधी कळलं.

फिक्स वाढवण्याऐवजी 'रिटेन्शन बोनस' देऊ केला तर त्याची अट नीट वाचा. तो बहुतेकदा वर्षभर थांबलात तरच मिळतो, किंवा आधी देऊन सोडल्यास परत घेतात. पुढच्या वर्षीची वाढ आणि पीएफ त्यावर मोजले जात नाहीत. आणि "एप्रिलमध्ये बघू ना, शब्द देतो" याला पगारवाढ समजू नका. शब्द देणारे साहेब एप्रिलमध्ये त्याच खुर्चीवर असतील याची खात्री खुद्द त्यांनाही नसते.

सरळ नाही म्हणाले तर?

तर तुम्हाला कळलं. "समजलं, वर विचारल्याबद्दल आभारी आहे" म्हणा आणि खोलीबाहेर या. त्याच खोलीत राजीनामा देऊ नका, रागही दाखवू नका. घरी खालचा आकडा ठरलेला आहेच, त्याप्रमाणे दोन दिवसांत निर्णय घ्या. जायचं ठरलं तर रिलीव्हिंग लेटर याच माणसांच्या सहीने मिळणार आहे आणि पुढच्या कंपनीची चौकशीही यांच्याकडेच येणार आहे. राहायचं ठरलं तरी चालतं. तुम्ही जाण्याची धमकी दिलीच नव्हती, म्हणून राहण्यात मान खाली घालायची वेळ येत नाही.

हे कुणी करूच नये?

नोकरीला वर्षही झालं नसेल तर नको. कंपनीत माणसं कमी करणं चालू असेल तेव्हा नको, यादीत नाव घालायला कारण मिळतं. दोन वर्षांत एकदा वापरलं असेल तर पुन्हा नको, दुसऱ्यांदा लोक आकड्याकडे नाही, माणसाकडे बघतात. आणि मॅनेजरशी पटत नाही, काम नकोसं झालंय, म्हणून ऑफर शोधली असेल तर पगारवाढ मागू नका, ऑफर घ्या. पैशाने ती दुखणी जात नाहीत.

ऑफर सही करून पाठवू आणि मग इथे बोलू? म्हणजे सुरक्षित.

सही करून मागे फिरणं आपल्याकडे चालतं, मला माहीत आहे. पण मुंबई-ठाण्याच्या एका क्षेत्रात रिक्रूटर थोडे असतात आणि ते नावं लक्षात ठेवतात. शिवाय सही झाल्यावर "मी अजून हो म्हटलेलं नाही" हे वाक्य तुम्हाला खरेपणाने बोलता येत नाही, आणि सगळी बोलणी त्याच वाक्यावर उभी असतात.

समोरच्या कंपनीला नकार कसा कळवायचा?

पत्र हातात आल्यावर, त्याच दिवशी, आधी फोन आणि मग मेल. बहिणीने खरं ते सांगितलं: "सध्याच्या कंपनीने पगार सुधारून दिलाय आणि प्रवासाचा विचार करता मी इथेच राहायचं ठरवलंय. तुम्ही मुदत वाढवून दिलीत, त्याबद्दल आभार." एचआरच्या ताई थोड्या नाराज झाल्या, पण म्हणाल्या, "ठीक आहे, पुढे ऐरोलीच्या ऑफिसला जागा निघाली तर कळवू का?" तिने हो म्हटलं आणि नंबर सेव्ह करून ठेवला.